अकरा मारुती आणि अठ्ठावीस परिच्छेद

धर्मपरंपरांवर प्रबंध लिहिणाऱ्याला मार्गदर्शकाकडून येणारा सगळ्यात त्रासदायक शेरा म्हणजे ‘प्रकरण विस्कळीत आहे’. संदर्भ अपुरे आहेत म्हटले तर ग्रंथालय गाठता येते. शुद्धलेखन तपासा म्हटले तर कुणाकडून तरी तपासून घेता येते. विस्कळीत म्हटल्यावर मात्र हात नेमका कुठे घालायचा हेच कळत नाही. मग विद्यार्थी चार उपशीर्षके वाढवतो, दोन परिच्छेद इकडचे तिकडे करतो, आणखी पाच पाने जोडतो आणि प्रकरण परत पाठवतो. ते पुन्हा त्याच शेऱ्यासह परत येते.

या शेऱ्याचे निदान करण्याची एक जुनी, बिनखर्चाची पद्धत आहे. इंग्रजी विद्यापीठांत तिला ‘रिव्हर्स आउटलाइन’ म्हणतात. मराठीत उलटा आराखडा म्हणायला हरकत नाही. नेहमीचा आराखडा लिहिण्याआधी करतात आणि त्यात काय लिहायचे ठरले आहे ते असते. उलटा आराखडा प्रकरण लिहून झाल्यावर करतात आणि त्यात कागदावर प्रत्यक्षात काय उतरले आहे तेवढेच असते. प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्यायचा, त्याचे म्हणणे एका वाक्यात लिहायचे आणि मूळ मजकूर बाजूला ठेवून फक्त ती वाक्ये सलग वाचायची. प्रकरण कुठे तुटते, कुठे तेच तेच सांगते आणि कुठे उगाच उडी मारते, हे त्या यादीत दिसू लागते.

ही पद्धत कुणा एकाची नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या लेखन केंद्रांत ती कित्येक वर्षे शिकवली जाते. ब्रुकलिन कॉलेजचे प्राध्यापक केनेथ ब्रुफी यांनी १९७०च्या दशकात आपल्या लेखनविषयक पाठ्यपुस्तकात तिला एक महत्त्वाची जोड दिली. परिच्छेद काय म्हणतो याबरोबर तो काय करतो हेही लिहा, असे त्यांनी सांगितले. ‘चाफळला राममंदिर आहे’ हे झाले म्हणणे. ‘स्थळाची ओळख करून देतो’ हे झाले काम. टोरांटो विद्यापीठात संशोधकांना लेखन शिकवणाऱ्या रेचल केली यांनी २०२३मध्ये आलेल्या आपल्या पुस्तकात प्रबंधलेखकांसाठी हाच मार्ग सविस्तर मांडला आहे.

या सगळ्यामागे एक निरीक्षण आहे. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वीस विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक आपले लेखन कसे सुधारतात हे पाहिले होते. विद्यार्थी शब्द बदलत राहिले. अनुभवी लेखक मांडणी आणि युक्तिवाद बदलत होते. उलटा आराखडा विद्यार्थ्याचे लक्ष शब्दांवरून काढून मांडणीवर आणतो. सॉमर्स यांच्या अभ्यासाने गरज दाखवली. उलट्या आराखड्याने प्रबंध किती सुधारतात याचा तो पुरावा नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य अशा कुठल्याही विषयाला ही पद्धत जशीच्या तशी चालते. धर्म-अभ्यासात मात्र तिला एक रकाना जास्तीचा लागतो आणि तो नसला तर आराखडा नीटनेटका दिसूनही खरा दोष निसटतो. तो रकाना म्हणजे ‘कोण बोलतेय’. धर्मपरंपरेवरच्या एकाच प्रकरणात भक्त बोलतात, बखरकार बोलतो, गॅझेटियर बोलते, मुलाखत दिलेले पुजारी बोलतात आणि या सगळ्यांच्या वर संशोधक स्वतः बोलतो. या आवाजांची सरमिसळ झाली की विषयांचा क्रम कितीही लावला तरी प्रकरण हाती लागत नाही.

हे एका नमुन्यावर पाहू. पुढचे प्रकरण आणि ते लिहिणारी विद्यार्थिनी समजुतीसाठी कल्पिलेली आहे. त्यातली गावे, परंपरा आणि साधने मात्र खरी आहेत.

समजा, रहिमतपुरात राहणारी एक विद्यार्थिनी समर्थ संप्रदायावर प्रबंध लिहिते आहे. विषय तिच्या दाराशी आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर रहिमतपूरच्या पुढे मसूर लागते, आणि मसूरला समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आहे. तिचे तिसरे प्रकरण या अकरा मारुतींवर आहे. त्यात अठ्ठावीस परिच्छेद आहेत, छापील तीसेक पाने. संप्रदायात सांगितली जाणारी वर्षे घेतली तर १६४४मध्ये शहापूर, १६४५मध्ये मसूर, १६४८मध्ये चाफळचे दोन मारुती, १६४९मध्ये उंब्रज, माजगाव आणि शिंगणवाडी, १६५१मध्ये बहे-बोरगाव आणि मनपाडळे, १६५२मध्ये पारगाव आणि १६५४मध्ये शिराळा असा क्रम लागतो. आजच्या हिशेबाने सात मारुती सातारा जिल्ह्यात, बहे आणि शिराळा सांगली जिल्ह्यात, मनपाडळे आणि पारगाव कोल्हापूर जिल्ह्यात येतात.

तिने प्रकरणाची छापील प्रत काढली, समासात पेन्सिलीने एक ते अठ्ठावीस आकडे घातले आणि एका कोऱ्या कागदावर पाच रकाने आखले. परिच्छेद क्रमांक, काय म्हणतो, काय करतो, कोण बोलतेय आणि आधीच्याशी कसा जोडला आहे. पहिला नियम असा की ‘काय म्हणतो’ हे पूर्ण वाक्यात लिहायचे, विषयाचे नाव लिहून भागवायचे नाही. ‘उंब्रजचा मारुती’ असे लिहिले तर काहीच कळत नाही. ‘उंब्रजचा मारुती चुना, वाळू आणि ताग यांचा केलेला असल्याचे सांगतात’ असे लिहिले की परिच्छेदात काय आहे आणि काय नाही हे लगेच उघड होते. एका वाक्यात मावेना तर परिच्छेदात दोन गोष्टी आहेत, म्हणून दोन ओळी लिहायच्या. वाक्य सुचतच नसेल तर रकाना कोरा सोडायचा. मराठी प्रबंधांत एकेक परिच्छेद पानभर चालण्याची सवय असल्याने दोन-दोन ओळी बऱ्याच ठिकाणी लागतात. अशा प्रकरणाला सलग दोन-तीन तास सहज जातात.

आराखडा तयार झाला तेव्हा प्रकरणाचा सांगाडा असा दिसला. एक ते तीन परिच्छेदांत समर्थांचे चरित्र. चार आणि पाचमध्ये अकरा स्थळांची यादी आणि वर्षे. सहा ते तेरामध्ये शहापूरपासून शिराळ्यापर्यंत देवळांचे वर्णन. चौदाव्यात शिराळ्याची नागपंचमी. पंधरा ते सतरामध्ये हे मारुती का स्थापन झाले याचे विवेचन, म्हणजे बलोपासना, तालमी, तरुणांचे संघटन. अठरा आणि एकोणीसमध्ये समर्थ आणि शिवाजी महाराज. वीस ते बावीसमध्ये बखरी आणि इतर साधनांची चर्चा. तेवीस ते पंचवीसमध्ये मसूर आणि शहापूर इथली क्षेत्रपाहणी. सव्वीसमध्ये आजची अकरा मारुतींची सहल. शेवटच्या दोन परिच्छेदांत निष्कर्ष, तो असा की या मारुतींच्या जाळ्यातून समाजसंघटन उभे राहिले.

वरवर पाहता यात चुकले काय असे वाटेल. सगळे विषय आहेत, क्रमही बराच ठीक आहे. शिराळ्याची नागपंचमी तेवढी उपरी आहे. बत्तीस शिराळा म्हटले की जिवंत नागांची पूजा आणि त्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याने आलेली बंधने आठवणारच, आणि विद्यार्थिनीने जमवलेली माहिती टाकवत नव्हती. ‘काय करतो’ या रकान्यात तिला ‘शिराळ्याची आणखी माहिती देतो’ याहून वेगळे काही लिहिता आले नाही. प्रकरणाच्या प्रश्नाला ज्याचा हातभार लागत नाही असा परिच्छेद ओळखण्याची खूण हीच. तो परिशिष्टात जाईल किंवा दुसऱ्या लेखासाठी राखून ठेवता येईल.

खरी गंमत ‘कोण बोलतेय’ या रकान्यात झाली. चौथ्या आणि पाचव्या परिच्छेदांसमोर तिने आधी ‘मी’ असे लिहिले, कारण ‘१६४५मध्ये मसूरला मारुतीची स्थापना झाली’ हे वाक्य तिचेच होते. तळटीप पाहिली तर तिथे अलीकडचे एक देवस्थान-पुस्तक होते. त्या पुस्तकाने वर्ष घेतले होते संप्रदायाच्या परंपरेतून. परंपरा बोलत होती, पण वाक्याच्या रचनेत ती कुठेच दिसत नव्हती. सहा ते सतरा परिच्छेदांत असेच होते. ‘मानले जाते’, ‘सांगितले जाते’, ‘प्रसिद्ध आहे’ अशी क्रियापदे तिला बावीस ठिकाणी सापडली, आणि त्यांतल्या निम्म्या ठिकाणी कोण मानते, कोण सांगते हे तिला स्वतःलाच पटकन सांगता येईना. मराठीत असे कर्मणी प्रयोग इतके सहज येतात की लिहिताना ते खटकत नाहीत. रकाना भरताना मात्र तिथे एखादे नाव, ग्रंथ किंवा गाव लिहावेच लागते.

मग तिला पहिली मोठी पोकळी दिसली. साधनांची चर्चा करणारे वीस ते बावीस हे परिच्छेद फार उशिरा येत होते. समर्थांच्या चरित्राचा मोठा भाग हनुमंतस्वामींच्या बखरीवरून ओळखला जातो आणि ती बखर समर्थांनंतर शतकाहून अधिक काळाने लिहिली गेली. गिरिधरांचा ‘समर्थप्रताप’ त्याआधीचा. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली आणि त्यांचा संग्रह धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. हे सगळे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते, पण एकोणीस परिच्छेद त्याच साधनांवर उभे करून झाल्यावर. वाचक पहिल्या वीस पानांत प्रत्येक वर्ष पक्की ऐतिहासिक नोंद म्हणून वाचतो आणि मग त्याला कळते की ही परंपरेची वर्षे होती. हे परिच्छेद यादीच्या आधी आणले की पुढचे प्रत्येक वाक्य आपोआप योग्य वजनाने वाचले जाते. एक वाक्यही नव्याने न लिहिता झालेली ही दुरुस्ती होती.

दुसरी पोकळी अधिक खोल होती. निष्कर्ष म्हणतो, मारुतींचे जाळे होते. प्रकरणात अकरा देवळांची अकरा वर्णने आहेत. ही अकरा देवळे म्हणजे एक जाळे किंवा एक गट आहे असे कोण, केव्हापासून मानू लागले, हा प्रश्न अठ्ठाविसांपैकी एकाही परिच्छेदाने विचारलेला नव्हता. आराखड्यात पोकळी दिसते ती अशी. मजकुरात ती दिसत नाही, कारण लेखकाच्या डोक्यात उत्तर इतके पक्के असते की ते कागदावर नाही हे त्याच्या लक्षातच येत नाही. शोधायची रीत सोपी आहे. निष्कर्षाची ओळ घ्यायची आणि ती सिद्ध करायला कोणते तीन-चार मुद्दे लागतील ते लिहायचे. मग आराखड्यात त्या प्रत्येकासमोर परिच्छेद क्रमांक घालायचा. ज्याच्यासमोर क्रमांक येत नाही ती पोकळी.

आणि गंमत अशी की तिला हवा असलेला धागा तिच्याच प्रकरणात पडून होता. पाचव्या परिच्छेदात तिने अकरा मारुतींची स्थळे एका अभंगात गुंफलेली असल्याचे ओझरते म्हटले होते. हा अभंग परंपरेने समर्थशिष्या वेणाबाईंच्या नावावर आहे. वेणाबाईंचा मठ मिरजेला आहे. ‘काय करतो’ या रकान्यात तिने लिहिले होते, ‘यादीला सजावट’. पण अकरा देवळांचा एक संच म्हणून उल्लेख करणारे तेच साधन होते. त्याची जुनी हस्तलिखिते कोणती, नावांचा क्रम कोणता, तो संप्रदायात कधी म्हणतात, हे शोधले तर पोकळी भरायला सुरुवात होईल. जागांचे असे संच कसे तयार होतात यावर अ‍ॅन फेल्डहाउस यांनी ‘कनेक्टेड प्लेसेस’ या २००३च्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या उदाहरणांनी विचार केला आहे. अष्टविनायक, ज्योतिर्लिंगे, साडेतीन पीठे अशी उदाहरणे त्यात येतात, आणि शिखर शिंगणापूरची कावड-यात्राही. संदर्भसूचीत हा ग्रंथ होता, पण कोणत्याही परिच्छेदासमोरच्या रकान्यात त्याचे नाव नव्हते. सूचीत असलेला आणि आराखड्यात नसलेला ग्रंथ म्हणजे वाचला पण वापरला नाही असा ग्रंथ; त्याचीही यादी करून पाहावी.

पुनरुक्तीचा प्रश्न धर्म-अभ्यासात थोडा नाजूक आहे. विद्यार्थिनीच्या प्रकरणात शहापूरच्या सतीबाईंना समर्थांनी अनुग्रह दिल्याची कथा तीनदा आली होती. सहाव्या परिच्छेदात देवळाची ओळख म्हणून, सोळाव्यात समर्थांनी स्त्रियांनाही संप्रदायात स्थान दिल्याचा दाखला म्हणून आणि चोविसाव्यात शहापुरात ऐकलेली कथा म्हणून. संगणकावर ‘सतीबाई’ शोधून तिसरा उल्लेख उडवणे सोपे होते. ते चुकीचे ठरले असते. ‘काय करतो’ हा रकाना वाचल्यावर तिन्ही ठिकाणचे काम वेगळे असल्याचे दिसले. चोविसाव्यातली कथा ही क्षेत्रपाहणीची सामग्री होती, छापील कथेपेक्षा थोडी वेगळी होती, आणि हा वेगळेपणाच अभ्यासाचा विषय होता. ती राहिली. सहाव्यातली एका ओळीवर आली. सोळाव्यातली मात्र गेली, कारण तिथे कथा इतिहासाचा पुरावा म्हणून वापरली होती आणि तो भार तिला पेलणारा नव्हता. स्त्रियांच्या स्थानाबद्दल बोलायचे तर वेणाबाईंचा मिरजेचा मठ आणि चाफळ-सज्जनगडावरचे अक्कास्वामींचे काम यांचा आधार अधिक भक्कम आहे.

दैवतकथेची पाठांतरे, गावोगावची रूपे यांची पुनरुक्ती म्हणजे सामग्री असते. एकाच कामासाठी एकच गोष्ट दोनदा येणे म्हणजे दोष. सव्विसाव्या परिच्छेदात मारुतींच्या गावांची यादी पुन्हा आली होती, आणि तिथे ‘काय करतो’मध्ये पाचव्यासारखेच ‘मारुतींची गावे सांगतो’ असे लिहिलेले होते. ती यादी काढून आज गाडी करून लोक कोणत्या क्रमाने जातात, कुठली दोन गावे घाईत सोडतात, हे तिथे लिहायला हवे होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांमुळे प्रबंधाची साम्य-तपासणी आता सगळीकडे होते आणि दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पण ती तपासणी दुसऱ्यांच्या मजकुराशी असलेले साम्य मोजते. आपण स्वतःचेच म्हणणे चार पानांनंतर पुन्हा मांडले तर ते यंत्र काही बोलत नाही.

आता सांध्यांकडे. पाचव्या रकान्यात विद्यार्थिनीने प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात जशी होती तशी उतरवली. सहा ते तेरापर्यंतचे सांधे होते, ‘यानंतर’, ‘त्याचप्रमाणे’, ‘पुढे’, ‘याशिवाय’. मग तिने उलटापालटीची कसोटी लावली. नववा आणि अकरावा परिच्छेद, म्हणजे उंब्रज आणि बहे, यांची अदलाबदल केली तर काही बिघडते का? ‘यानंतर’ हा शब्द कालक्रमाने खोटा ठरतो, तेवढेच. युक्तिवादाला काही फरक पडत नव्हता. म्हणजे ते आठ परिच्छेद एकाखाली एक ठेवलेले होते, एकातून दुसरा निघत नव्हता.

इथे फक्त सांध्याचे शब्द बदलून चालत नाही. ‘यानंतर’च्या जागी ‘या पार्श्वभूमीवर’ घातले तर सांधा आणखी खोटा होतो. मांडणीच बदलावी लागते, आणि ती कशी बदलायची हे आराखडाच सुचवतो. तिने स्थळे आणि परंपरेची वर्षे शेजारी शेजारी लिहिली तेव्हा तीन गट आपोआप पडले. चाफळच्या आधीचे दोन, शहापूर आणि मसूर, १६४४-४५. चाफळ आणि त्याच्या आसपासचे पाच, म्हणजे चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी आणि उंब्रज, १६४८-४९. मग दक्षिणेकडचे चार, म्हणजे बहे, मनपाडळे, पारगाव आणि शिराळा, १६५१ ते १६५४. आता परिच्छेदांना एकमेकांशी बोलायला विषय मिळाला. चाफळचा मठ उभा राहण्यापूर्वी ही दोनच गावे का? मठ उभा राहिल्यावर दोन वर्षांत पाच मारुती त्याच्याभोवती का गोळा झाले? आणि नंतर कृष्णाकाठाने, वारणेच्या बाजूने दक्षिणेकडे जायचे कारण काय? हे प्रश्न ‘यानंतर’ला जागा देत नाहीत. अर्थात हा आकृतिबंध परंपरेच्या वर्षांवर उभा आहे, आणि ‘कोण बोलतेय’ या रकान्यामुळे ते वाक्य तिला त्याच ठिकाणी लिहावे लागले. ही वर्षे नंतरच्या कुणी जुळवून बसवली असतील तर मग हा आकृतिबंध समर्थांच्या प्रवासाबद्दल बोलत नाही, संप्रदायाच्या स्मृतीबद्दल बोलतो. दोन्ही विषय अभ्यासाचे आहेत, पण एक नाहीत.

सगळ्यात धोक्याचा सांधा मात्र सतराव्या आणि अठराव्या परिच्छेदांमध्ये होता. सतरावा म्हणत होता, मारुतींमुळे गावोगावी बलोपासना वाढली. अठराव्याची सुरुवात होती, ‘म्हणूनच शिवाजी महाराजांनी’. ‘तसेच’, ‘याशिवाय’ हे शब्द कमकुवत सांधे असतात, पण निरुपद्रवी. ‘म्हणूनच’ हा शब्द पुराव्याचा दावा करतो. परंपरेनुसार शिवाजी महाराज आणि समर्थ यांची भेट १६४९मध्ये शिंगणवाडीला झाली, आणि शिंगणवाडी तर अकरा मारुतींतलेच एक स्थळ. दुसरीकडे केशव गोसावी यांनी दिवाकर गोसावी यांना लिहिलेल्या १६७२च्या पत्राच्या आधारे ही भेट बरीच पुढची मानणारे अभ्यासक आहेत. हा वाद विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि त्यात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मारुतींवरच्या प्रकरणाने तो सोडवायची गरज नाही. पण १६४९ आणि १६७२ यांच्यामध्ये तेवीस वर्षे आहेत, आणि पहिले वर्ष धरले की दुसरे धरले यावर ‘म्हणूनच’ टिकतो की कोसळतो हे ठरते. विद्यार्थिनीने अठरा आणि एकोणीस हे दोन्ही परिच्छेद शिंगणवाडीच्या वर्णनाशी नेऊन जोडले. तिथे ती भेट ‘या स्थळाविषयीची परंपरा आणि तिच्यावरचा वाद’ म्हणून येते आणि कार्यकारणाचा दावा आपोआप गळून पडतो.

हा आवाजांचा गुंता फक्त संत-संप्रदायांच्या अभ्यासात होतो असे नाही. खुद्द रहिमतपुरात विजापुरी धाटणीची मशीद आणि घुमट आहे. १८८५च्या सातारा गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे. तो घुमट आदिलशाहीतला सरदार रणदुल्लाखान याच्याशी जोडला जातो आणि गॅझेटियरची भाषाही तिथे सांगोवांगीचीच आहे. त्याच नोंदीत मशिदीच्या कारंज्यासाठी पाणी चढवायला बांधलेल्या मनोऱ्याची मापे आहेत, सुमारे पन्नास फूट उंची वगैरे. एकाच नोंदीत मोजून पाहिलेली गोष्ट आणि ऐकलेली गोष्ट शेजारी बसली आहे. पुढचा लेखक गॅझेटियरची तळटीप देऊन दोन्ही सारख्याच ठामपणे लिहितो, त्याच्या पुढचा त्या लेखकाची तळटीप देतो, आणि तिसऱ्या पिढीत सांगोवांगीचा पक्का इतिहास होतो. रकान्यात ‘गॅझेटियर’ एवढेच न लिहिता ‘गॅझेटियर, गावातल्या सांगण्यावरून’ असे लिहिले तर हा घसरडा भाग तिथेच सापडतो.

उलट्या आराखड्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो मजकुराची घडण तपासतो, खरेखोटे तपासत नाही. मसूरचे वर्ष चुकीचे असेल तर आराखडा ते चुकीचे वर्ष अगदी सुबकपणे योग्य जागी नेऊन बसवेल. दुसरे असे की लेखकच तो करतो, त्यामुळे कागदावर नसलेले पण मनात असलेले वाक्य तो रकान्यात लिहून टाकतो. यावर दोन इलाज आहेत. प्रकरण संपल्यावर आठ-दहा दिवस ते बाजूला ठेवावे, आणि शक्य असेल तर चार-पाच परिच्छेद दुसऱ्या विषयातल्या मित्राकडून भरून घ्यावेत. त्याचे वाक्य आणि लेखकाचे वाक्य जुळत नसेल तर परिच्छेदच पुन्हा लिहावा लागतो.

तिसरी मर्यादा क्षेत्रपाहणीच्या वर्णनाची. मसूरला हनुमान जयंतीच्या पहाटे काय घडले हे सांगणारा तेविसावा परिच्छेद एका वाक्याच्या दाव्यात बसत नाही आणि बसवूही नये. तिथे ‘काय म्हणतो’ हा रकाना दुय्यम. ‘काय करतो’मध्ये ‘जन्मसोहळा क्रमाने दाखवतो, पंचविसाव्यातल्या विवेचनाची सामग्री देतो’ असे लिहिले की पुरे. पंचविसाव्यात तसे विवेचनच नसेल तर मात्र वर्णन अधांतरी आहे असे समजावे. आणि अर्धवट मसुद्यावर हा खटाटोप करू नये. प्रकरण शेवटापर्यंत लिहून झाल्यावर आणि भाषेवरून शेवटचा हात फिरवण्याआधी, ही त्याची वेळ. शुद्ध केलेली, घासूनपुसून लिहिलेली वाक्ये काढून टाकायला कुणाचे मन होत नाही.

ज्यांचे स्वतःचे प्रकरण अजून हाती नाही त्यांनी सराव दुसऱ्याच्या प्रबंधावर करावा. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध खुले आहेत, मराठीतलेही. आपल्या विषयाजवळचा एखादा निवडून त्याच्या एकाच प्रकरणाचा पाच रकान्यांचा आराखडा करावा. दुसऱ्याच्या लेखनातले ‘मानले जाते’ आपल्याला फार लवकर दिसते. आणि मार्गदर्शकांना एक विनंती. प्रकरण तपासायला घेताना त्याबरोबर विद्यार्थ्याने केलेला उलटा आराखडाही मागून घ्यावा. दोन पानांचा तो कागद आधी वाचला तर शेरा ‘विस्कळीत आहे’ असा राहणार नाही. ‘सतरा आणि अठरामधला म्हणूनच काढा, वीस ते बावीस वर आणा’ असा होईल, आणि अशा शेऱ्यावर विद्यार्थ्याला त्याच संध्याकाळी कामाला बसता येईल.